पारावरची निळी बातमी

गेल्या वर्षी २८ फेब्रुवारीला अंबाजोगाई तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. समोर पाचवी ते सातवीची मुलं सतरंजीवर मांडी घालून बसलेली, पुढं माइक घेऊन पाहुणे वक्ते. विषय होता, आकाश निळं का दिसतं. वक्त्यांना मुलांना हसवण्याची हातोटी होती. ते म्हणाले, "सूर्याला सात लेकरं. त्यातला तांबडा भलता शिस्तीचा, शाळा सुटली की सरळ घरी. निळा मात्र महाखोडकर! वाटेत दिसेल त्या झाडावर चढणार, दिसेल त्या बांधावर लोळणार. म्हणून आभाळभर तोच दिसतो." मुलं खदखदून हसली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला, कार्यक्रम संपला.

आठवडाभरानं तिथल्या शिक्षिकाबाईंनी मला मुलांच्या वह्या दाखवल्या. निम्म्याहून जास्त वह्यांत तेच वाक्य होतं: 'निळा रंग खोडकर असल्यामुळे आकाश निळे दिसते.' एका मुलानं त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'मग संध्याकाळी तांबडा खोडकर होतो का?'

त्या मुलाचा प्रश्न मला अजून सोडत नाही. सगळ्या शाळेत त्या एका पोरानं विनोद खरा मानून पुढं नेऊन पाहिला, आणि विनोद तिथंच मोडला. सकाळचा शिस्तीचा तांबडा संध्याकाळी आभाळभर का पसरतो, याचं उत्तर त्या गोष्टीत कुठंच नाही. स्वभाव सांगून कारण सांगितल्यासारखं वाटतं, पण सांगितलं काहीच जात नाही. ढग पांढरा का, याचंही उत्तर त्यात नाही. गोष्ट गोड होती, पण तिच्या पोटात विज्ञान नव्हतं.

आपल्याकडं सध्या हसतखेळत शिकवण्यावर सगळ्यांचाच भर आहे, आणि तो मला मनापासून मान्य आहे. माझा आग्रह एवढाच की, हसू नेमकं जिथं कारण आहे तिथंच फुटलं पाहिजे. विनोदातून विज्ञान काढून घेतलं आणि तरीही हसू आलं, तर तो विनोद त्या धड्याचा नव्हे, कुठल्याही धड्याला चिकटवता येईल असा आहे. आणि मुलाच्या लक्षात विनोद राहतो, धडा राहत नाही, हे प्रत्येक मास्तरला ठाऊक आहे. मग लक्षात राहणाऱ्या गोष्टीतच धडा असायला नको का?

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतात. एक म्हणतो, एवढ्याशा पोरांना लाटा आणि रेणू कशाला, हसू द्या, पुढं दहावीत शिकतील. दुसरा म्हणतो, विज्ञान गंभीर विषय आहे, थट्टा नको, व्याख्या पाठ करून घ्या. पहिल्याला माझं सांगणं असं की डोक्यात आधी बसलेलं चित्र दहावीत आपोआप पुसलं जात नाही; नवं वाक्य त्याच्या शेजारी जाऊन बसतं, परीक्षेपुरतं. दुसऱ्याला सांगणं असं की 'प्रकाशाच्या विकिरणामुळे' हे उत्तर लिहिणाऱ्या दहावीच्या मुलाला एकदा विचारून बघा, विकिरण म्हणजे कोण कोणाला काय करतं. बहुतेक वेळा शांतता पसरते. विकिरण म्हणजे विखुरणं, एवढा साधा शब्दही त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो.

तर मग घडतं काय ते आधी सरळ सांगतो. सूर्याचा प्रकाश पांढरा दिसतो, पण त्यात तानापिहिनिपाजा सगळे रंग एकत्र असतात. हा शब्द आपण सगळ्यांनीच हसत हसत पाठ केलेला आहे, पण त्याच्या क्रमाला एक अर्थ आहे हे फार थोड्यांना सांगितलं जातं. 'ता'कडून 'जा'कडं जाताना प्रकाशाची लाट आखूड आखूड होत जाते. एका मिलिमीटरमध्ये तांबड्या प्रकाशाच्या साधारण १,५०० लाटा मावतात, निळ्याच्या साधारण २,२००. म्हणजे निळ्याची लाट आखूड आणि तिचं हलणं जलद. हवेत मुख्यतः नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे रेणू असतात, आणि ते या लाटांपेक्षा हजारपटीनं लहान. प्रकाशाची लाट रेणूवरून जाते तेव्हा रेणूतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर हलतात, आणि हलणारे इलेक्ट्रॉन तोच प्रकाश आजूबाजूला सगळीकडं पाठवतात. जलद हलवलं की हे पाठवणं खूप जास्त होतं.

सातवीच्या मुलांना हे मी हौदावर दाखवतो. हौदाच्या पाण्यात बोट बुडवायचं आणि सावकाश हलवायचं. पाण्यावर फारसं काही उठत नाही. तेच बोट जलद हलवलं की लाटा चहूबाजूंना पसरतात. बोट तेच, पाणी तेच, फरक फक्त जलदपणाचा. निळा प्रकाश रेणूला जलद हलवतो, म्हणून तो जास्त विखुरतो.

किती जास्त? लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञानं १८७१ मध्ये हा हिशोब मांडला. लाट जितक्या पटीनं आखूड, तितकी पट चार वेळा घेऊन गुणायची. २,२०० ला १,५०० नं भागलं की जवळजवळ १.४७ येतं. १.४७ गुणिले १.४७ म्हणजे साधारण २.१६, आणि २.१६ गुणिले २.१६ म्हणजे साधारण ४.७. म्हणजे तांबडा प्रकाश एक भाग विखुरतो तेव्हा निळा चार भागांहून जास्तच विखुरतो. हा गुणाकार सहावीचं पोरगं वहीत करू शकतं, आणि करून घेतलाच पाहिजे, कारण विनोदातही हाच आकडा येणार आहे.

आता विनोद. मी त्या शाळेत पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तेव्हा वर्गात असं सांगितलं. सूर्य रोज सकाळी गावात बातम्या पाठवतो. तांबडी बातमी आहे, 'आज शाळा भरणार.' निळी बातमी आहे, 'सरपंचाच्या म्हशीनं गुरुजींची छत्री खाल्ली.' हवेतला प्रत्येक रेणू म्हणजे गावातला एकेक पार. आता सांगा, पारावर कोणती बातमी थांबेल? तांबडी बातमी आली की पारावरचा एखादाच दुसऱ्याला सांगतो, बाकीचे हूं म्हणतात, बातमी पुढं सरळ निघून जाते. निळी बातमी आली की चार जण उठतात आणि चार दिशांना सांगत सुटतात. ते ज्या पारावर पोचतात, तिथून पुन्हा चार जण. दुपारपर्यंत तुम्ही कुठल्याही दिशेला कान करा, छत्रीचीच बातमी ऐकू येते. पहिल्यांदा कोणी सांगितली, कुणालाच ठाऊक नाही. सूर्य एका ठिकाणी आहे, पण निळा प्रकाश तुमच्याकडं सगळ्या बाजूंनी येतोय, म्हणून अख्खं आभाळ निळं.

पार मी मुद्दाम निवडला आहे. अशा गोष्टीत बायका पाणवठ्यावर गप्पा मारताना दाखवायची आपल्याकडं सवय आहे. वर्गातल्या मुलींनी पाण्याच्या हंड्याभोवतीची ही थट्टा घरी पुष्कळ ऐकलेली असते, आणि आपल्या भागात पाण्यासाठी त्यांची शाळाही बुडालेली असते. त्यांना विज्ञानाच्या तासाला पुन्हा त्याच जागी बसवू नये.

या विनोदात हसू कुठं येतं बघा. चार जण उठून चार दिशांना पळतात तिथं येतं, आणि कारणही तिथंच आहे: जास्त विखुरणं आणि सगळ्या दिशांना विखुरणं. म्हशीऐवजी दुसरं काही घातलं तरी चालतं. एकास चार हे प्रमाण आणि 'चारी दिशांना' हे शब्द मात्र बदलता येत नाहीत. एक दुरुस्ती मी दुसऱ्याच तासाला केली. बातम्या वेगळ्या असल्यामुळे काही मुलांना वाटलं की निळ्यात काहीतरी मसालेदार असतं. म्हणजे पुन्हा स्वभावच शिरला! तेव्हापासून मी आधी हौदावर बोट हलवून दाखवतो आणि मगच पारावर जातो, म्हणजे निळी बातमी जलद हलवते म्हणून पसरते, हे आधी हाताला कळलेलं असतं.

कुठलीही उपमा एका जागी तुटतेच, आणि ती जागा मुलांसमोर उघड करणं हे मी शिकवण्याचा भाग मानतो. आपल्या गावात बातमीला तिखटमीठ लागतं. पहिल्या पारावर म्हशीनं छत्री खाल्ली असेल, तर पाचव्या पारावर तिनं गुरुजींनाच खाल्लेलं असतं. हवेचा रेणू असं करत नाही. निळा प्रकाश आला तर तो निळाच पुढं देतो, जसाच्या तसा. रंग बदलत नाही, फक्त दिशा बदलते. मुलांना मी विचारतो, "मग असा एकही पार नाही का, जो तिखटमीठ लावतो?" आहे. फार क्वचित एखादा रेणू बातमी घेताना स्वतः थोडा हलतो, फिरतो, आणि त्यात प्रकाशाची थोडी ऊर्जा ठेवून घेतो किंवा आपली थोडी मिसळतो. बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा रंग मग किंचित बदललेला असतो. हा बदल चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात शोधला आणि तो २८ फेब्रुवारी १९२८ चा दिवस होता. आपण ज्या दिवशी सतरंज्या अंथरून विज्ञान दिन साजरा करतो तो दिवस हाच, तिखटमीठ लावणारा रेणू सापडल्याचा. वर्गातल्या मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं की रामनांनी नक्की केलं काय. इतकी वर्षं त्यांच्या फोटोला हार घातला जात होता.

रामनांची ही वाट निळ्या रंगापासूनच सुरू झाली. १९२१ मध्ये युरोपला जाताना त्यांनी भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहिला. समुद्राची निळाई म्हणजे केवळ आभाळाचं प्रतिबिंब, असं खुद्द रॅले यांचं मत होतं. रामनांनी प्रतिबिंबाचा उजेड गाळून टाकणारा लोलक डोळ्यापुढं धरला आणि पाण्याकडं पाहिलं. प्रतिबिंब गेलं, निळाई राहिली. म्हणजे पाण्यालाही स्वतःचा निळा रंग आहे. पाणी तांबडा प्रकाश थोडा शोषून घेतं, याचाही त्यात मोठा वाटा आहे हे आज आपल्याला माहीत आहे.

आपल्या शाळांत मात्र याच्या उलटी समजूत अजून सांगितली जाते, की समुद्राचा रंग आभाळात दिसतो. मराठवाड्यातल्या मुलांसाठी तर ही समजूत खोडायला विनोदच पुरे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. मी म्हणालो, "आभाळाला पाण्याचा रंग लागत असता, तर आपल्या आभाळाचा रंग कोणता असता?" मागून आवाज आला, "टँकरचा!" दुसरा म्हणाला, "२०१६ साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं, तवा आभाळावर डबे दिसले असते!" वर्ग हसला आणि ती समजूत तिथंच गेली. हा विनोद मुलांचा होता आणि तो पुरावा देणारा होता: जिथं समुद्र शेकडो किलोमीटर लांब आणि धरणं कोरडी, तिथंही आभाळ निळंच. असं हसू मला हवं आहे.

आता त्या पेन्सिलीनं लिहिलेल्या प्रश्नाकडं येतो. संध्याकाळी तांबडं का? सूर्य डोक्यावर असतो तेव्हा प्रकाश हवेतून सरळ खाली येतो. स्वच्छ हवेत, निळ्याच्या १०० भागांतले साधारण २० वाटेत विखुरतात आणि ८० सरळ येतात. तांबड्याचे ९५ सरळ येतात. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच प्रकाशाला आडव्या वाटेनं जवळजवळ ३८ पट हवा ओलांडावी लागते. पारांच्या भाषेत, दुपारी बातमी एका गावातून आली तर संध्याकाळी अडतीस गावांतून. निळ्याच्या १०० भागांतला १ भागही सरळ तुमच्यापर्यंत येत नाही. प्रत्येक गावानं तो वाटून घेतलेला असतो. तांबड्याचे साधारण १५ मात्र पोचतात. ज्या गावात आपण संध्याकाळी उभे आहोत, तिथवर छत्रीची बातमी येईतो वाटेतच संपून जाते, उरते ती 'शाळा भरणार' एवढीच! तांबडा खोडकर झालेला नाही, त्याच्याबरोबरचे सगळे गळाले आहेत. त्या मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग ती निळी बातमी वाटेतल्या गावांत दुपारचं आभाळ झाली असंल." बरोबर. आपल्या पश्चिमेला जिथं अजून दिवस आहे, तिथल्या आभाळाची निळाई आपल्या संध्याकाळच्या सूर्यातून वजा झालेली असते. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, गोष्टीत कारण होतं म्हणून त्यालाच ते पुढं नेता आलं.

एक प्रश्न हमखास येतो आणि तो आला की मला बरं वाटतं. तानापिहिनिपाजामध्ये 'जा' शेवटी आहे, त्याची लाट सगळ्यांत आखूड, मग आभाळ जांभळं का नाही? पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न दडपला जातो, कारण गोष्ट त्याला पुरत नाही. खरं उत्तर असं: जांभळा निळ्यापेक्षाही जास्त विखुरतो, पण सूर्याच्या प्रकाशात तो मुळातच कमी असतो, आणि आपले डोळे त्याला फार मंद. शिवाय आभाळातून निळा एकटा येत नाही, थोडे थोडे सगळेच रंग येतात आणि त्यांची बेरीज डोळ्याला फिकट निळी लागते. पारावर सांगायचं तर, जांभळी बातमी सूर्य हळू आवाजात सांगतो आणि आपण त्या कानानं जरा बहिरे. निम्मं कारण सूर्यात आणि निम्मं आपल्यात आहे.

ढगांचं वेगळं आहे. ढगातला पाण्याचा थेंब रेणूसारखा चिमुकला नसतो, प्रकाशाच्या लाटेपेक्षा कितीतरी पट मोठा असतो. तो लाटेची लांबी बघत नाही, सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो, आणि सगळे रंग एकत्र आले की पांढरं. ढग म्हणजे दवंडी. दवंडीवाला बातमी निवडत नाही; शाळेची असो की छत्रीची, हलगी वाजवून सारख्याच मोठ्यानं सांगतो. ढग जाड झाला की बहुतेक प्रकाश वरच्या वर परत फिरतो, खाली फार थोडा उतरतो, म्हणून पावसाचा ढग खालून काळा दिसतो. विमानातून बघणाऱ्याला तोच ढग पांढराशुभ्र दिसेल.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं आभाळ निळं नसतंच, पांढुरकं असतं. नांगरट झालेल्या रानातली धूळ वर जाते, तिचे कण मोठे, त्यांचीही दवंडीच. जूनमध्ये पहिला चांगला पाऊस पडून उघडतो तेव्हा धूळ खाली बसलेली असते आणि आभाळ एकदम गडद निळं होतं. हवेचे रेणू तेवढेच असतात, मधली दवंडी बंद झालेली असते. पाठ्यपुस्तकात हे नसलं तरी मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलानं हे दरवर्षी पाहिलेलं असतं. चुलीचा धूरही तसाच. काळ्या भिंतीसमोर तो निळसर दिसतो आणि दारातून येणाऱ्या उन्हासमोर तोच तपकिरी. त्याचे कण बारीक असतात, निळा बाजूला फेकतात आणि उरलेलं सरळ येतं. आजी रोज स्वयंपाक करताना आभाळाचा प्रयोग करत होती, हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

विनोद ऐकवण्याआधी एक प्रयोग हातानं करून घ्यावा, माझा क्रम तरी तसा ठरला आहे. एक लिटरची पारदर्शक सपाट बाटली किंवा काचेची बरणी घ्यावी आणि स्वच्छ पाण्यानं भरावी. खोली अंधारी करावी, खिडकीला घोंगडी लावली तरी चालते. मोबाइलची बॅटरी एका टोकाला चिकटवून पेटवावी. नुसत्या पाण्यात बाजूनं झोत जवळजवळ दिसत नाही. इथं थांबावं आणि मुलांना विचारावं, का दिसत नाही. कारण मध्ये बातमी सांगणारं कुणी नाही. मग साय काढलेलं दूध थेंब थेंब टाकून ढवळायचं. दहापंधरा थेंबांनंतर बाजूनं झोत निळसर दिसायला लागतो, आणि समोरच्या टोकातून बॅटरीकडं पाहिलं की ती पिवळसर, आणखी थोड्या थेंबांनी नारंगी. एकाच बाटलीत दुपार आणि संध्याकाळ.

हा प्रयोग फसतो तोही सांगण्यासारखा. सायीचं दूध टाकलं तर रंग नीट येत नाही, कारण स्निग्धाचे गोळे मोठे असतात आणि सगळं पांढरं करतात. साय काढली की उरतात ते मुख्यतः प्रथिनांचे बारीक कण, आणि काम तेच करतात. ताक चालत नाही, त्यात ते कण एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले असतात. दूध जास्त पडलं तरी सगळी बाटली पांढरी होते. प्रत्येक बातमी इतक्या वेळा सांगितली जाते की तांबडीही घरोघर पोचते. अशा वेळी घाबरून ओतून देऊ नये, अर्धं पाणी काढून ताजं भरावं आणि रंग परत येताना दाखवावा. आणि मुलांना हेही सांगावं की दुधाचे कण हवेच्या रेणूंपेक्षा खूप मोठे आहेत, म्हणून ही निळाई फिकी. आभाळाची नक्कल ती जवळपासची आहे, हुबेहूब नाही.

वर्गात कोणावर हसायचं, हेही सांगून टाकतो. 'समुद्रामुळे' असं उत्तर देणाऱ्या मुलाची थट्टा करून हशा मिळवणारे मी पाहिले आहेत. ते मूल पुढं कधी हात वर करत नाही. आणि रॅले समुद्राच्या रंगाबद्दल चुकले होते, तिथं पाचवीच्या लेकराची चूक ती कितीशी? हसायचंच तर म्हशीवर हसावं.

एवढं झाल्यावर विनोद लागू पडला की नाही, ते कसं कळणार? हशा मोजून कळत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात न सांगितलेला प्रश्न विचारावा. मी विचारलं, "चंद्रावर दिवसा आभाळ कसं दिसेल?" एक मुलगी उभी राहिली. "काळं." का? "तिथं हवाच नाही. पारच नाहीत, बातमी सांगणार कोण?" १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या माणसांनी काढलेली छायाचित्रं मग दाखवली. भर उन्हात, जमीन लख्ख आणि वर आभाळ काळंभोर. खोडकर निळ्याच्या गोष्टीवरून हे उत्तर कोणालाच देता आलं नसतं. खोडकर मूल चंद्रावरही खोडकरच राहिलं असतं.

त्याच मुलीनं पहिल्या दिवशी मला एक गोष्ट ऐकवली होती. मी विचारलं होतं, निळं आभाळ कोणाकोणाला आवडतं? सगळ्यांनी हात वर केले, तिनं केला नाही. म्हणाली, "सर, पावसाळ्यात निळं आभाळ म्हंजी पाऊस नाही." तेव्हापासून मी वर्गात निळ्या आभाळाला 'सुंदर' म्हणत नाही, नुसतं 'निळं' म्हणतो.

जुलैत पुन्हा त्या शाळेत गेलो. पंधरा दिवस पावसानं ओढ दिली होती, सोयाबीननं माना टाकल्या होत्या, वर स्वच्छ निळं. मधल्या सुट्टीत पश्चिमेला एक ढग दिसला आणि पेन्सिलवाला मुलगा ओरडत आला, "सर, दवंडी आली, दवंडी!" सगळी पोरं मैदानात धावली. ती मुलगी कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिली.

"अजून पांढरीच हाय," ती म्हणाली. "खालून काळी दिसली की सांग."